एकमेकांत अडकलेले फीडबॅक लूप: ब्लॉक डायग्राम एका ट्रान्सफर फंक्शनवर कसा आणायचा

प्रश्न: मोटर एका स्प्रिंगच्या विरुद्ध आर्म फिरवते, त्याचा ब्लॉक डायग्राम दिलाय. सरळ मार्गात ॲम्प्लिफायर G1 = 4, मग G2 = 2/(s+1) (इथे वेग मिळतो), मग G3 = 1/s (इथे कोन C मिळतो). वेग H1 = 0.5 मधून पहिल्या समिंग पॉइंटला वजा होतो. कोन H2 = 1 मधून G1 आणि G2 यांच्या मधल्या समिंग पॉइंटला वजा होतो. शिवाय कोन थेट पहिल्या समिंग पॉइंटलाही वजा होतो. "आतला लूप आधी सोडवा" असं सगळे सांगतात, पण इथे आतला कोणता तेच कळत नाही. टेक-ऑफ पॉइंट सरकवला तर H1 ला G3 ने गुणायचं की भागायचं? दर वेळी वेगळं उत्तर येतंय. C/R किती, आणि ते बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर:

टेक-ऑफ पॉइंट G3 च्या पुढे, म्हणजे आउटपुटकडे नेला तर भागायचं. उत्तर असं:

C/R = 8 / (s² + 5s + 10)

आता घोळ कुठे होतो ते पाहू. H1 चा लूप G1 आणि G2 ला वळसा घालतो, H2 चा लूप G2 आणि G3 ला. G2 दोघांत सामाईक आहे, पण कुठलाच लूप दुसऱ्याच्या पोटात पूर्ण बसत नाही. म्हणून "आतला लूप" असा इथे नाहीच. G/(1+GH) हे सूत्र वापरायला एक अट असते, आणि ती बहुतेक वेळा सांगायची राहून जाते: लूपच्या समिंग पॉइंटपासून टेक-ऑफ पॉइंटपर्यंतच्या वाटेत बाहेरचा कुठलाही सिग्नल आत यायला नको आणि आतला कुठलाही सिग्नल दुसरीकडे जायला नको. H2 चा लूप आधी मिटवायला गेलात तर G2 आणि G3 एका ब्लॉकमध्ये जातात आणि मधला वेगाचा सिग्नल गायब होतो, पण H1 ला तोच हवा आहे. H1 चा लूप आधी मिटवायला गेलात तर त्याच्या मधोमध H2 चा सिग्नल येऊन मिसळतो. दोन्हीकडे अट मोडते. अट मोडलेली असताना सूत्र लावलं की दर वेळी वेगळं उत्तर येतं.

म्हणजे आधी काहीतरी सरकवायला हवं. सरकवण्याच्या नियमांचा तक्ता पाठ करू नका, परीक्षेत तो हमखास उलटा आठवतो. त्याऐवजी प्रत्येक वेळी एवढंच विचारा: या तारेच्या टोकाला आधी काय पोचत होतं, आणि आता काय पोचतंय? दोन्ही सारखं राहील असं काय मधे घालावं लागेल?

वेगाला W म्हणू. H1 आधी W घेत होता आणि पहिल्या समिंग पॉइंटला 0.5·W देत होता. टेक-ऑफ पॉइंट G3 च्या पुढे नेला की आता हातात W नाही, C आहे. C = W/s, म्हणजे W = s·C. समिंग पॉइंटला पूर्वीसारखंच 0.5·W पोचवायचं तर C ला 0.5·s ने गुणावं लागेल. हेच H1/G3. आणि पुढे सरकल्यामुळे सिग्नलमध्ये G3 आधीच येऊन बसला आहे, म्हणून तो भागून काढायचा, हे कारणही त्यातच दिसतं.

आता H2 चा लूप मोकळा झाला, कारण G2 आणि G3 यांच्या मधून कोणी काही घेत नाही:

G2·G3 = 2 / (s(s+1))

G2·G3 / (1 + G2·G3·H2) = 2 / (s² + s + 2)

याच्या आधी G1 मालिकेत आहे, तो गुणला की 8/(s² + s + 2). बाहेर दोन फीडबॅक उरले: एक थेट, किंमत 1, आणि दुसरा सरकवलेला, 0.5s. दोन्ही C पासूनच निघतात आणि एकाच समिंग पॉइंटला वजा होतात, म्हणून त्यांची बेरीज करून एकच फीडबॅक धरायचा, 1 + 0.5s. मग:

C/R = 8 / (s² + s + 2 + 8(1 + 0.5s)) = 8 / (s² + 5s + 10)

इथे एक गोष्ट खटकायला हवी. 0.5s हा शुद्ध डिफरन्शिएटर आहे. कागदावर त्याला काही हरकत नाही, कारण तो फक्त हिशेबापुरता आलाय आणि शेवटी छेदात विरघळतो. पण सरकवलेला डायग्राम तसाच सिम्युलेशनमध्ये चढवायला गेलात तर Simulink चा Transfer Fcn ब्लॉक तो घेणार नाही, कारण त्याला छेदाचा घात अंशाच्या घाताइतका किंवा जास्त लागतो. प्रत्यक्ष सर्किटमध्ये तर असा ब्लॉक गोंगाट वाढवेल. सिम्युलेशनला नेहमी मूळ डायग्राम द्या.

म्हणूनच मी या डायग्रामसाठी दुसरी वाट निवडेन. टेक-ऑफ पॉइंटला हात न लावता मधला समिंग पॉइंट G1 च्या मागे, पहिल्या समिंग पॉइंटजवळ आणायचा. प्रश्न तोच: H2 चा सिग्नल आधी थेट G2 च्या तोंडाशी वजा होत होता. आता तो G1 मधून जाणार, म्हणजे आपोआप 4 पट होणार. परिणाम सारखा ठेवायचा तर आधीच 4 ने भागून पाठवायचा, म्हणजे H2/G1 = 0.25. G1 हा नुसता आकडा असल्यामुळे नवीन s कुठेच आला नाही. काय सरकवायचं याचा पर्याय असेल तेव्हा आकड्यावरून सरकवा, s असलेल्या ब्लॉकवरून नको. निम्मी बीजगणिताची कटकट तिथेच वाचते.

दोन समिंग पॉइंट शेजारी शेजारी आले, मधे ब्लॉक नाही, टेक-ऑफ पॉइंटही नाही, म्हणून ते एकच धरता येतात. आता H1 चा लूप खरंच आतला झाला:

G1·G2 / (1 + G1·G2·H1) = 8 / (s + 5)

पुढे G3 गुणला की 8/(s(s+5)). बाहेरचा फीडबॅक 1 + 0.25 = 1.25. म्हणून:

C/R = 8 / (s² + 5s + 8·1.25) = 8 / (s² + 5s + 10)

दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आलं. पण परीक्षेत किंवा कामात दोन्ही वाटा चालायला वेळ नसतो, म्हणून उत्तर पारखायची सवय लावून घ्या. इथे ती विशेष सोपी आहे, कारण डायग्राम एका खऱ्या यंत्राचा आहे.

G2 = 2/(s+1) म्हणजे 1/(0.5s + 0.5): जडत्व 0.5, घर्षण 0.5. H2 म्हणजे स्प्रिंग, एका रेडियनला 1 न्यूटन-मीटर. H1 म्हणजे टॅकोजनरेटर, आणि थेट फीडबॅक म्हणजे कोन मोजणारा सेन्सर, एका रेडियनला 1 व्होल्ट. आता उत्तराच्या छेदातला एकेक आकडा कुठून आला ते शोधा. s च्या 5 मधला 1 घर्षणाचा आणि उरलेले 4 टॅकोचे (4 × 2 × 0.5). शेवटच्या 10 मधले 2 स्प्रिंगचे (2 × 1) आणि 8 कोनाच्या फीडबॅकचे (4 × 2 × 1). डायग्राममधल्या प्रत्येक लूपचा वाटा छेदात दिसला पाहिजे, आणि वजा फीडबॅक असेल तर तो अधिक चिन्हानेच दिसला पाहिजे. कुठला वाटा सापडला नाही तर तो लूप तुमच्याकडून वाटेत गळाला आहे.

मग दोन टोकं तपासा. पहिलं टोक s = 0, म्हणजे इनपुट 1 व्होल्टवर स्थिर ठेवलं आणि सगळं शांत झालं. आर्म थांबलेला असताना वेग शून्य, म्हणून टॅको काहीच देत नाही. स्प्रिंगचा टॉर्क आणि मोटरचा टॉर्क समान हवेत: 4(1 − C) = 1·C. यावरून C = 0.8. सूत्रातून 8/10, तेही 0.8. दुसरं टोक s खूप मोठा, म्हणजे स्टेप दिल्याचा पहिला क्षण. आर्म अजून हललेला नाही, त्यामुळे कुठलाच फीडबॅक आलेला नाही. टॉर्क 4, जडत्व 0.5, म्हणजे त्वरण 8. सूत्रातही मोठ्या s साठी 8/s² च उरतं. दोन्ही टोकं दोन ओळींत तपासून होतात आणि बहुतेक चुका त्यांतच पकडल्या जातात.

आता तुमच्याकडून होत असाव्यात अशा दोन चुका मुद्दाम करून बघू. त्यांची लक्षणं वेगवेगळी आहेत.

पहिली: भागायच्या जागी गुणलं, म्हणजे H1/G3 ऐवजी H1·G3 = 0.5/s लिहिलं. मग उत्तर येतं:

8s / (s³ + s² + 10s + 4)

इथे दोन गोष्टी लगेच ओरडून सांगतात की चुकलंय. छेदाचा घात 3 झाला, पण मूळ यंत्रात ऊर्जा किंवा स्थिती साठवणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, वेग आणि कोन. ब्लॉक सरकवल्याने यंत्रात नवीन काही साठत नाही, म्हणून अंतिम घात मूळ ब्लॉक्समधल्या एकूण घातापेक्षा मोठा होऊच शकत नाही. आणि s = 0 ला उत्तर शून्य येतं, म्हणजे स्थिर इनपुट देऊनही आर्म शेवटी जागेवर परत येणार, जे या यंत्रात शक्य नाही. ही प्रणाली स्थिर आहे, त्यामुळे नुसता आलेख काढून "फुटत नाही ना" एवढंच पाहिलं तर ही चूक सुटून जाते.

दुसरी चूक जास्त घातक आहे: H2 चं चिन्ह. मधल्या समिंग पॉइंटवर वजाऐवजी अधिक धरलं तर आतला लूप 2/(s² + s − 2) होतो आणि शेवटी येतं:

8 / (s² + 5s + 6)

छेदाचे छान अवयव पडतात, (s+2)(s+3). घातही 2, प्रणालीही स्थिर. उत्तर इतकं देखणं दिसतं की संशयच येत नाही. मोठ्या s ची चाचणीसुद्धा हे पास करतं, कारण तिथे फीडबॅकचा संबंध नसतो. पकडतं ते फक्त s = 0: 8/6, म्हणजे 1.33. स्प्रिंग विरोध करत असताना आर्म मागितल्यापेक्षा पुढे जाऊन थांबेल का? नाही. म्हणून दोन्ही टोकं तपासायची, एकावर भागवायचं नाही. चिन्हाच्या बाबतीत एक शिस्त पाळा: समिंग पॉइंटवरचं वजा चिन्ह H च्या ब्लॉकमध्ये ढकलू नका. ते ढकललं आणि वर 1 + GH ही वापरलं की वजा दोनदा मोजलं जातं आणि नेमकी हीच चूक होते.

C = 0.8 पाहून आणखी एक शंका येईल. सरळ मार्गात 1/s आहे, बाहेरचा फीडबॅक 1 आहे, मग स्थिर चूक शून्य का नाही? कारण तो इंटिग्रेटर मोकळा नाही, H2 त्याला वळसा घालून बसलाय. R − C पासून C पर्यंतचं खरं ट्रान्सफर फंक्शन 8/(s² + 5s + 2) आहे, आणि त्यात s = 0 ला पोल उरलेला नाही. त्याचा s = 0 चा गेन 4, म्हणून चूक 1/(1+4) = 0.2. "टाइप" ठरवायचा तो आतले लूप मिटवल्यानंतर, डायग्रामवर 1/s दिसला म्हणून नाही. उलट टॅकोचा लूप हा टाइप बिघडवत नाही, कारण तो वेग घेतो आणि स्थिर अवस्थेत वेग शून्य असतो.

लूप खूप असतील आणि सरकवासरकवीत जीव जात असेल तर सरळ समीकरणं लिहा. प्रत्येक समिंग पॉइंटच्या आउटपुटला नाव द्या. इथे दोनच आहेत:

E1 = R − C − 0.5·W

E2 = 4·E1 − C

आणि ब्लॉक्सवरून W = s·C, E2 = W(s+1)/2. दुसऱ्या समीकरणात सगळं C मध्ये घातलं की (s² + s)C/2 = 4R − 4C − 2sC − C, दोन्ही बाजू 2 ने गुणल्या की तेच उत्तर. मला विचाराल तर तीनपेक्षा जास्त अडकलेले लूप असताना हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे, कारण इथे काही सरकतच नाही. मेसनचं सूत्रही याच डायग्रामला एका ओळीत लागतं, कारण तिन्ही लूप G2 मधून जातात आणि एकमेकांना स्पर्श करतात. त्यामुळे छेदात फक्त 1 अधिक तिघांची बेरीज येते, गुणाकाराचं पद एकही नाही. स्पर्श न करणारे लूप असते तर ती पदं लिहावी लागली असती, आणि लोक तीच विसरतात.

एक इशारा मधल्या सिग्नलबद्दल. एका ट्रान्सफर फंक्शनवर आणल्यावर आणि वाटेतही, मधल्या तारांचा अर्थ बदलतो. दुसऱ्या वाटेत आपण समिंग पॉइंट G1 च्या मागे नेला, तेव्हा G1 चं आउटपुट मोटरचा टॉर्क राहिलं नाही, ते मोटरचा टॉर्क वजा स्प्रिंगचा टॉर्क झालं. R पासून C पर्यंतचा हिशेब बरोबरच राहतो. पण ॲम्प्लिफायरला किती ताण येतो हे त्या तारेवरून वाचलंत तर आकडा चुकीचा मिळेल. मधला सिग्नल हवा असेल तर मूळ डायग्रामवर परत जा. तसंच बाहेरून आर्मवर लोड टॉर्क आला तर तो मधल्या समिंग पॉइंटला शिरतो, आणि त्याचं ट्रान्सफर फंक्शन वेगळं काढावं लागतं. R = 0 धरून ते येतं 2/(s² + 5s + 10), लोड विरोधी असेल तर वजा चिन्हासह. छेद तोच आहे, आणि तो तोच यायला हवा. छेद सगळ्या यंत्राचा असतो, इनपुट कुठून येतं यावर तो बदलत नाही. बदलला तर कुठेतरी चूक आहे. एवढी चाचणीही फुकटात मिळते.

संगणकावर पडताळायचं असेल तर MATLAB मध्ये दुसरी वाट अशी:

```matlab
s = tf('s');
G1 = 4; G2 = 2/(s+1); G3 = 1/s; H1 = 0.5; H2 = 1;
Gi = feedback(G1*G2, H1);
T  = feedback(Gi*G3, 1 + H2/G1)
dcgain(T)
```

dcgain 0.8 आलं पाहिजे. इथे `feedback` ऐवजी सूत्र हाताने लिहायचा मोह टाळा:

```matlab
G = Gi*G3;
T2 = G/(1 + 1.25*G)
```

कागदावर दोन्ही सारखंच, पण संगणक अंश आणि छेदातले समान घटक आपणहून कापत नाही. T2 मध्ये छेद चौथ्या घाताचा येतो, s⁴ + 10s³ + 35s² + 50s, आणि अंश 8s² + 40s. म्हणजे s(s+5) हा तुकडा वर आणि खाली दोन्हीकडे उरला. `pole(T2)` मध्ये s = 0 ला एक पोल दिसतो, आणि प्रणाली स्थिरतेच्या सीमेवर आहे असा गैरसमज होतो. s = 0 ला गेन काढायला गेलात तर शून्य भागिले शून्य. `minreal(T2)` केलं की तुकडा कापला जातो आणि मूळ दुसऱ्या घाताचं उत्तर परत मिळतं. मात्र `minreal` डोळे मिटून लावू नका. इथे तो तुकडा आपण सूत्र लिहिताना G दोनदा वापरल्यामुळे आला होता, म्हणून कापणं योग्य. दोन वेगवेगळ्या खऱ्या ब्लॉक्समध्ये एकाचा झिरो दुसऱ्याच्या पोलवर पडला असेल, तर तो पोल यंत्रात शिल्लक असतो, फक्त C/R मध्ये दिसत नाही. असा पोल उजव्या अर्ध्या भागात असेल तर C/R स्थिर दिसूनही आत एखादा सिग्नल वाढत जातो. फरक ओळखायचा मार्ग पुन्हा तोच: मूळ ब्लॉक्समधले घात मोजा. इथे ते 2 आहेत आणि कापल्यावर 2 च उरले, म्हणून काही हरवलं नाही.